अर्धी वाक्यं, पूर्ण जोडी: काळ जुळवण्याचा दहा मिनिटांचा उजळणी-सराव कसा तयार करावा आणि कसा घ्यावा

‘अ’ गटात वाक्याचा पहिला अर्धा भाग, ‘ब’ गटात दुसरा, आणि मधे रेघा मारायच्या. परीक्षेआधीच्या उजळणीला हा प्रश्न हमखास काढला जातो, कारण तो पटकन तयार होतो असं वाटतं. वर्गात तो बहुतेक वेळा असा दिसतो:

‘जर तू अभ्यास केला असतास’, ‘जेव्हा सूर्य मावळतो’, ‘आजी गोष्ट सांगायची तेव्हा’ हे डावीकडे. ‘तेव्हा अंधार पडतो’, ‘आम्ही गुपचूप ऐकायचो’, ‘तर पास झाला असतास’ हे उजवीकडे.

सगळ्या मुलांचं सगळं बरोबर येतं. सूर्याला अंधार, गोष्टीला ऐकणं, अभ्यासाला पास होणं. क्रियापदाकडे कुणी बघितलंही नाही, आणि उजळणी मात्र ‘काळाची’ झाली असं वहीत लिहून होतं. दुसऱ्याच दिवशी तीच मुलं निबंधात ‘मी लवकर उठला असतो तर गाडी मिळाली’ असं लिहितात.

खालची पद्धत शिक्षकांसाठी आहे, घरी उजळणी घेणाऱ्या पालकांसाठी आहे, आणि परदेशात शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्यांसाठीही आहे. त्यांच्याकडच्या मुलांना तर अर्थाच्या आधाराशिवाय काळ ओळखायची सवय जास्तच लागते. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक घोळ वाक्यं आधी लिहून मग त्यांत काळ शोधल्यामुळे होतो.

## तयारी: आधी जोडशब्द ठरवा

वाक्य सुचण्याआधी ते कोणत्या शब्दाने जोडायचं ते ठरवा. या सरावासाठी दोनच पुरेत: ‘तर’ आणि ‘तेव्हा’. हे दोन शब्द दोन्ही अर्ध्यांतल्या क्रियापदांना घट्ट बांधून ठेवतात. एका बाजूचं रूप ठरलं की दुसऱ्या बाजूला फारशी मोकळीक उरत नाही, आणि जोड्या जुळवायला नेमकं तेच हवं असतं.

‘म्हणून’, ‘पण’ आणि ‘कारण’ टाळा. ‘रस्ता बंद आहे म्हणून बस आली नाही’, ‘रस्ता बंद होता म्हणून बस येणार नाही’, ‘रस्ता बंद होणार म्हणून बस आधीच गेली’ ही तिन्ही वाक्यं निर्दोष आहेत. या शब्दांच्या दोन बाजूंना वेगवेगळे काळ सुखाने नांदतात. अशी अर्धी वाक्यं जोड्यांत घातली तर एका डाव्या भागाला तीन उजवे भाग चालतात, आणि उत्तरपत्रिकेत एकच लिहिलेला असतो. मग मूल बरोबर असूनही चूक ठरतं.

‘की’ सुद्धा बाजूला ठेवा. त्याचं कारण वेगळं आहे, ते शेवटी येईल.

सावधान: ‘जर’ डावीकडे आणि ‘तर’ उजवीकडे, ‘जेव्हा’ डावीकडे आणि ‘तेव्हा’ उजवीकडे असं कधीच छापू नका. मुलं जर-तर आणि जेव्हा-तेव्हा बघून रेघा मारतात आणि क्रियापद वाचायची गरजच उरत नाही. जोडशब्द पूर्णपणे डाव्या अर्ध्याच्या शेवटी ठेवा: ‘पाऊस पडला तर’, ‘पाऊस पडला तेव्हा’. उजवा अर्धा भाग जोडशब्दाविना सुरू होऊ दे.

## पायरी १: क्रियापदांच्या जोड्या कागदावर मांडा

आता वाक्यं नाही, फक्त क्रियापदं. ‘पडणे’ आणि ‘येणे’ घेऊ, कारण दोन्ही अकर्मक आहेत. सकर्मक क्रियापद घेतलं की भूतकाळात ‘ने’ येतो, क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं (‘आईने चहा केला’, ‘आईने भाजी केली’), आणि मूल काळाऐवजी त्या बदलात अडकतं. उजळणीच्या पहिल्या संचात येणे, जाणे, पडणे, सुटणे, पोचणे, थांबणे अशीच क्रियापदं असू द्या.

पाच जोड्या अशा:

1. पडतो तेव्हा … येतो. (नेहमी असंच होतं.)
2. पडला तेव्हा … आला. (एकदा झालं, संपलं.)
3. पडला तर … येईल. (अजून व्हायचंय. होईल किंवा होणारही नाही.)
4. पडला असता तर … आला असता. (झालंच नाही.)
5. पडायचा तेव्हा … यायचा. (पूर्वी पुन्हा पुन्हा होत असे.)

दुसरी, तिसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. तिन्हींत ‘पडला’ हाच शब्द आहे. दुसरीत पाऊस खरोखर पडलेला आहे, तिसरीत पडेल की नाही ते माहीत नाही, चौथीत पडलेलाच नाही. क्रियापदाचं रूप भूतकाळासारखं दिसलं म्हणून गोष्ट भूतकाळातली असेलच असं मराठीत नाही, आणि मुलांची सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. ‘काळ जुळवा’ म्हटलं की ती ‘पडला’ला ‘आला’ शोधतात, कारण दोन्हींच्या शेवटी ‘ला’ आहे. ‘पडला तर’ची जोडी ‘येईल’शी आहे हे त्यांना विसंगत वाटतं.

म्हणून सूचनेत ‘दोन्ही भागांत एकच काळ असू द्या’ असं लिहू नका. ते तिसऱ्या जोडीला लागू पडत नाही. ‘दोन्ही भागांतली क्रियापदं एकमेकांशी जुळतील अशा जोड्या लावा’ असं लिहा, आणि पाच नमुना-जोड्या फळ्याच्या कोपऱ्यात वेगळ्याच क्रियापदांनी लिहून ठेवा (‘गाडी सुटली तर तो थांबेल’, वगैरे).

एक रूप मुद्दाम यादीत घेतलेलं नाही: ‘पडेल तर’. ‘परत असं करशील तर बघ!’ अशा दटावणीत ते सर्रास येतं, आणि हिंदीच्या सवयीनेही पुष्कळ जण ‘तू येशील तर मी येईन’ म्हणतात. कुणी लिहिलं तर चूक म्हणून काट मारू नका. पण ते सरावात असलं की ‘पडला तर’ आणि ‘पडेल तर’ या दोघांनाही ‘येईल’ हवा होतो आणि जोडी फुटते.

‘पडेल तेव्हा’चंही तसंच. ‘पाऊस पडेल तेव्हा पूर येईल’ हे चोख मराठी आहे. ‘तेव्हा’ असेल तर दोन्हीकडे भविष्यकाळ, ‘तर’ असेल तर पहिल्या भागात ‘पडला’. हा फरक शिकवण्यासारखा आहे, पण एका संचात दोघांपैकी एकच ठेवा.

## पायरी २: एकच प्रसंग घ्या

पाचही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल हवीत. शब्दही तेच हवेत. बदलायचं ते फक्त क्रियापद आणि त्यामागचा जोडशब्द.

आपला प्रसंग: घाटावर पाऊस आणि खाली ओढ्याला पूर. ‘पाऊस’ आणि ‘पूर’ दोन्ही पुल्लिंगी, एकवचनी, तृतीय पुरुषी. हा योगायोग नाही, मुद्दाम निवडले आहेत. ‘पाऊस’च्या जागी एका ओळीत ‘सर’ आणि दुसरीत ‘गारा’ घेतल्या असत्या तर मुलं लिंग-वचनाच्या आधारानेही जोड्या लावायला बघतील. पहिल्या संचात तो आधार त्यांच्याकडे असता कामा नये.

तृतीय पुरुषाचं कारण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. ‘मी’ घेतला तर ‘असणे’ या क्रियापदाची पंचाईत होते. ‘मी घरी असतो तेव्हा’ म्हणजे नेहमीची गोष्ट, आणि ‘मी घरी असतो तर’ म्हणजे मी घरी नव्हतो! दोन्हीकडे ‘असतो’. मुलीने बोलायचं असेल तर दोन्हीकडे ‘असते’. तृतीय पुरुषात मात्र दोन रूपं वेगळी होतात: ‘दादा घरी असतो तेव्हा’, पण ‘दादा घरी असता तर’, ‘ताई घरी असते तेव्हा’, पण ‘ताई घरी असती तर’. ‘ताई घरी असते तर मदत झाली असती’ ही चूक मोठ्या माणसांच्या लिखाणातही भरपूर सापडते, आणि तिचं मूळ बहुधा ‘मी’च्या रूपात असावं. सुरुवातीला तृतीय पुरुष घेतला की हा गोंधळ उद्भवत नाही आणि नंतर वेगळा काढून शिकवता येतो.

## पायरी ३: संच लिहा

‘अ’ गट

1. घाटावर पाऊस पडतो तेव्हा
2. घाटावर पाऊस पडला तेव्हा
3. घाटावर पाऊस पडला तर
4. घाटावर पाऊस पडला असता तर
5. घाटावर पाऊस पडायचा तेव्हा

‘ब’ गट

क. ओढ्याला पूर आला असता.
ख. ओढ्याला पूर येईल.
ग. ओढ्याला पूर यायचा.
घ. ओढ्याला पूर येतो.
च. ओढ्याला पूर आला.

कंटाळवाणं दिसतं, कबूल. पण हा दहा मिनिटांचा सराव आहे, वाचनपाठ नव्हे. वाक्यं रंजक करायला गेलं की अर्थाचे आधार परत आत येतात.

तपासा: ‘ब’ गटातली सगळी क्रियापदं बोटाने किंवा पट्टीने झाका. जे उरतं त्यावरून एकही जोडी लावता आली तर संच नापास. इथे प्रत्येक ओळीत फक्त ‘ओढ्याला पूर’ उरतं, म्हणजे ठीक. सुरुवातीला दिलेला सूर्य-आजी-अभ्यासाचा प्रश्न याच चाचणीत पडतो.

## पायरी ४: प्रत्येक डावा भाग प्रत्येक उजव्या भागाशी मोठ्याने वाचा

ही पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते. ५ डावे, ५ उजवे, म्हणजे २५ वाक्यं. तीन-चार मिनिटांचं काम आहे. आपण ठरवलेल्या पाचांखेरीज आणखी एखादं वाक्य कानाला बरोबर लागलं, तर तिथे संच फुटलेला आहे.

वरच्या संचात तसं एक आहे. तिसरा डावा भाग ‘घ’शी वाचा: ‘घाटावर पाऊस पडला तर ओढ्याला पूर येतो.’ चूक आहे का? अजिबात नाही. नेहमी घडणारी गोष्ट सांगताना आपण असंच बोलतो: ‘जास्त खाल्लं तर पोट दुखतं.’ आता पुढे काय होतं बघा. एखाद्या मुलाने ३ला ‘घ’ लावलं. मग १साठी ‘येतो’ उरलाच नाही, म्हणून त्याने नाइलाजाने ‘येईल’ लावला. तपासताना तुम्हाला त्याच्या दोन चुका दिसतात. प्रत्यक्षात त्याची पहिली जोडी शुद्ध मराठी होती आणि दुसरी तुमच्या प्रश्नाने त्याच्या गळ्यात मारली.

उपाय दोन शब्दांचा आहे. तिसऱ्या डाव्या भागात काळ दाखवणारे शब्द घाला: ‘आज रात्री घाटावर पाऊस पडला तर’. आता ‘पूर येतो’ बसत नाही, ‘येईल’च लागतो.

पण असे शब्द घालताना दोन पथ्यं पाळा. एक म्हणजे ते डावीकडेच घाला. ‘काल’ डावीकडे आणि ‘काल’ उजवीकडे असं झालं की मुलं ‘काल’ला ‘काल’ जोडतात. दुसरं म्हणजे जिथे दोन उत्तरं होत असतील तिथेच घाला. १, २, ४ आणि ५ला गरज नाही, म्हणून तिथे काहीच नाही.

आणखी एका वाक्यावर हुशार मूल अडवेल: ‘घाटावर पाऊस पडला तेव्हा ओढ्याला पूर आला असता’. त्याला विचारा, पुढे काय? तो म्हणेल, ‘पण बांध फुटला नाही म्हणून वाचलो.’ म्हणजे ते वाक्य तिथे संपत नाही, त्याला ‘पण’ची शेपटी लागते. आपल्या ‘क’ पुढे पूर्णविराम आहे.

## पायरी ५: एक उजवा भाग जास्तीचा ठेवा

पाचाला पाच ठेवले तर शेवटची जोडी फुकट मिळते. चार बरोबर लावणाऱ्याला पाचवी आपोआप बरोबर येते, आणि नेमकी तीच त्याला येत नसेल तर कळायला मार्ग नाही. म्हणून ‘ब’ गटात एक असा भाग घाला जो कुणालाच लागत नाही.

तो निवडणं वाटतं तितकं सोपं नाही. ‘ओढ्याला पूर आला होता’ घेतला तर तो २ला चालतो: ‘पाऊस पडला तेव्हा पूर आला होता.’ ‘ओढ्याला पूर येत असेल’ घेतला तर अंदाज म्हणून तो १लाही चालतो आणि ५लाही. ‘येणार होता’ तर चौथ्याशी पुष्कळांच्या बोलण्यात जमून जातो. ‘ओढ्याला पूर आला आहे’ मात्र पाचांपैकी एकालाही बसत नाही. तो घ्या. घेतल्यावर पुन्हा सगळं वाचून बघायचं. आता ३० वाक्यं होतात.

तपासा: उजवी बाजू विस्कटताना एकही उत्तर आपल्या डाव्या भागासमोर पडू देऊ नका, आणि सगळी उत्तरं एकेक ओळ खाली सरकवलेलीही नकोत. मुलांना हा नमुना फार लवकर कळतो.

## पायरी ६: सराव घ्या

फळ्यावर रेघा मारण्यापेक्षा चिठ्ठ्या चांगल्या. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापा. डाव्या भागांवर एका रंगाचं पेन, उजव्यांवर दुसऱ्या. दोघादोघांना एक संच. रेघा मारल्या की खोडाव्या लागतात आणि म्हणून मुलं विचार बदलत नाहीत; चिठ्ठी सरकवायला काही लागत नाही.

क्रम असा ठेवा:

पहिली दोन मिनिटं, जोडायचं नाही. फक्त डाव्या चिठ्ठ्या वाटा. प्रत्येकीतलं क्रियापद आणि जोडशब्द मिळून अधोरेखित करायला सांगा: ‘पडला’ एवढंच नाही, ‘पडला असता तर’ पूर्ण. अर्ध्या चुका इथेच टळतात, कारण ‘पडला’वर थांबणारी नजर पुढच्या दोन शब्दांपर्यंत जाते.

मग एकच प्रश्न. प्रत्येक चिठ्ठीला विचारायचं: पाऊस पडला का? उत्तरं पाच तऱ्हेची येतात: ‘पडतच असतो’, ‘हो, पडला’, ‘अजून माहीत नाही’, ‘नाही पडला’, ‘पूर्वी पडायचा’. हे उत्तर चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहू द्या. व्याकरणातली नावं इथे नकोत. संकेतार्थ, रीति भूतकाळ हे शब्द ज्यांना परीक्षेत लिहायचे आहेत त्यांना नंतर सांगता येतात. जोडी लावताना ‘पडला का?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आता उजव्या चिठ्ठ्या. चार मिनिटं. जुळवल्यावर प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचं. डोळ्याला ‘पडला तर … आला’ खटकत नाही, कानाला लगेच खटकतो, निदान घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या तरी. ज्यांच्या घरी मराठी कमी आहे त्यांना कानाचा भरवसा देता येत नाही. त्यांच्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यातल्या नमुना-जोड्या शेवटपर्यंत पुसू नका.

उरलेल्या वेळात जास्तीची चिठ्ठी. ‘पूर आला आहे’ का बसली नाही ते एकाने सांगायचं, आणि तिला बसेल असा डावा भाग सगळ्यांनी मिळून शोधायचा. ‘घाटावर पाऊस पडला आहे, म्हणून’ असं कुणीतरी बरोबर म्हणतं.

## चुकलेली जोडी काय सांगते

गुण देऊन पुढे जाऊ नका. कोणती जोडी चुकली त्यावरून काय चुकलं ते कळतं.

‘पडला तर … आला’: ‘पडला’ला भूतकाळ समजलं. मागची पेन्सिलीची नोंद बघा. ‘माहीत नाही’ लिहिलं असेल तर अर्थ कळलाय, फक्त रूपाने फसवलं. ‘हो, पडला’ लिहिलं असेल तर ‘तर’ वाचलाच नाही.

‘पडला असता तर … आला’: अर्धी कल्पना, अर्धी खरी गोष्ट. ‘मग पूर आला ना?’ असं विचारा. मूल ‘नाही’ म्हणतं आणि स्वतःच चिठ्ठी सरकवतं. निबंधातलं ‘उठला असतो तर गाडी मिळाली’ याच जातीचं आहे.

‘पडायचा तेव्हा … आला’: एकदा घडलेलं आणि पुन्हा पुन्हा घडणारं यांत फरक दिसत नाही. ‘किती वेळा?’ एवढाच प्रश्न पुरतो.

‘पडतो तेव्हा … येईल’: ही चूक आली की आधी त्याच मुलाची तिसरी जोडी बघा. तिथे ‘येतो’ असेल तर तुमच्या संचातला ‘आज रात्री’ गळलाय. दोष मुलाचा नाही.

## पायरी ७: दुसऱ्या दिवशी लिंग-वचन बदला

पहिला संच जमला की उजळणीची दुसरी फेरी. आता डावीकडे ‘गारा’ (स्त्रीलिंगी, अनेकवचनी) आणि उजवीकडे ‘नुकसान’ (नपुंसकलिंगी):

गारा पडतात तेव्हा बागेचं नुकसान होतं.
गारा पडल्या तेव्हा बागेचं नुकसान झालं.
आज रात्री गारा पडल्या तर बागेचं नुकसान होईल.
गारा पडल्या असत्या तर बागेचं नुकसान झालं असतं.
गारा पडायच्या तेव्हा बागेचं नुकसान व्हायचं.

पाऊस-पुराच्या संचात ‘पडला असता’ आणि ‘आला असता’ यांची शेवटं सारखी होती, त्यामुळे ‘दोन्हीकडे शेवट सारखा’ असा चुकीचा नियम काही मुलांनी मनात धरलेला असतो. इथे तो मोडतो. ‘असत्या’ची जोडी ‘असतं’शी आहे. काळ दोन्ही भागांचा जुळतो, पण लिंग-वचन ज्या त्या भागातल्या नामाप्रमाणे चालतं. हे समजलं नसेल तर मूल ‘गारा पडल्या असत्या तर नुकसान झाल्या असत्या’ असं लिहील.

याच फेरीत ‘असता’ची रूपं पुरुषाप्रमाणे म्हणून घ्या, कारण दोन्ही शब्द बदलतात हे विसरलं जातं: मी आलो असतो, मी आले असते; तू आला असतास, तू आली असतीस; तो आला असता, ती आली असती; ते आले असते, त्या आल्या असत्या. ‘मी आला असतो’मध्ये ‘असतो’ ‘मी’चा आहे आणि ‘आला’ ‘तो’चा.

## पायरी ८: नकाराची फेरी

सगळे होकार जमले की सगळे नकार. मिसळ करू नका. ‘पाऊस पडला नसता तर पूर आला असता’ यात रूपं तंतोतंत जुळतात, फक्त अर्थ उलटा होतो, आणि मग काळ तपासायचा की अर्थ, असा तिढा पडतो.

नकारात दोन रूपांकडे लक्ष ठेवा. ‘येईल’चा नकार ‘येणार नाही’ असा होतो: ‘आज रात्री पाऊस पडला नाही तर पूर येणार नाही.’ आणि ‘असता’चा ‘नसता’ होतो: ‘पाऊस पडला नसता तर पूर आला नसता.’ ‘पडला नाही असता’ असं लिहिणारी मुलं भेटतात. त्यांना ‘असणे’ आणि ‘नसणे’ ही जोडी दाखवा. बाकीची रूपं, ‘पडत नाही तेव्हा येत नाही’, ‘पडायचा नाही तेव्हा यायचा नाही’, सरळ आहेत.

तपासा: नकाराच्या संचातही ३० वाक्यं वाचायचीच. ‘पडला नाही तर … येत नाही’ इथेही लागतंच, तेव्हा ‘आज रात्री’ इथेही लागेल.

## ‘की’ची वाक्यं वेगळ्या दिवशी

‘की’ या सरावातून बाहेर ठेवायचं कारण असं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीत शिकवलेलं असतं की सांगणारं क्रियापद भूतकाळात असेल तर सांगितलेली गोष्टही भूतकाळात ढकलायची. मराठीत तसं नाही. आईने सकाळी ‘बाळाला ताप आहे’ म्हटलं असेल, तर संध्याकाळी आपण सांगतो, ‘आई म्हणाली की बाळाला ताप आहे.’ ‘ताप होता’ म्हटलं तर आईने सांगितलं तेव्हा ताप उतरलेला होता असा अर्थ होतो. तसंच ‘मला वाटलं होतं की तू येशील’: आधी पूर्ण भूतकाळ, नंतर भविष्यकाळ, आणि वाक्य बिनचूक.

म्हणजे ‘की’च्या दोन बाजूंना कोणताही काळ येऊ शकतो, आणि तो मूळ बोलणं काय होतं त्यावर ठरतो. दोन्ही भागांची क्रियापदं जुळवा म्हणून आठवडाभर सराव घेतल्यावर लगेच ही वाक्यं दिली, तर मुलं ‘आई म्हणाली की ताप होता’ असं दुरुस्त करून ठेवतात.

त्यांच्यासाठी सराव जोड्यांचा नको, बोलण्याचा घ्या. एकाने वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने ‘तो म्हणाला की…’ किंवा ‘ती म्हणाली की…’ लावून तेच वाक्य काळ न बदलता सांगायचं. ‘मी’चा ‘तो’ किंवा ‘ती’ करायचा की तसाच ठेवायचा, यावर वाद होतील. दोन्ही तऱ्हा मराठीत चालतात. त्या दिवशी फक्त काळ बघा.